सीए इंटर

बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा मला दुसरा वर्ग मिळाला, आणि तोही पन्नास टक्क्यांची वेस जेमतेम ओलांडून. माझ्या मैत्रिणींपैकी दोघी बँकेच्या परीक्षेला बसणार होत्या, एकीचं लग्न ठरलं होतं. माझं काय करायचं हे अप्पांनी निकालाच्या आधीच ठरवून टाकलं होतं. मी सीए व्हायचं होतं.

अप्पांचं चिकपेटेत दुकान होतं. अस्तर, बटणं, दोऱ्याची रिळं, झिप, असं शिंप्यांना लागणारं सगळं सामान. आमचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी बंगळूरला येऊन राहिलेलं. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि दोन्हीकडे दोन्हींची भेसळ. अप्पा कुणाला भिणारे नव्हते. घाऊक व्यापाऱ्याशी, पेठेतल्या हमालांशी, कॉर्पोरेशनच्या माणसांशी ते सारख्याच आवाजात बोलत. एकट्या ऑडिटरांच्या कचेरीत मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. दरवर्षी वह्यांचं गाठोडं घेऊन ते तिथे जात आणि कुणी सांगितलेलं नसताना चपला जिन्याखाली काढून वर चढत.

"तो माणूस खाली एक सही करतो, आणि इन्कमटॅक्सवाले ती मानतात," ते आईला सांगायचे. "तशी सही आपल्या घरात पाहिजे."

अण्णाकडून, म्हणजे माझ्या मोठ्या भावाकडून, ते होण्यासारखं नव्हतं. तो डिप्लोमा करून विमानाच्या कारखान्यात लागला होता. उरले मी.

मला घेऊन अप्पा सरांकडे गेले. ऑडिटरांना सगळेच सर म्हणत, मीही तेच म्हणू लागले. सर बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, कपाळावर गंधाची पुसट रेघ. त्यांनी माझी गुणपत्रिका पाहिली आणि परत माझ्या हातात दिली.

"पन्नासच्या वर आहे. म्हणजे फाउंडेशनची परीक्षा द्यावी लागणार नाही, सरळ इंटरला नाव घालता येईल," ते कन्नडमध्ये म्हणाले. "या कागदाचा उपयोग एवढाच. आता तो कपाटात ठेव."

"मार्क कमी आहेत, सर. जमेल का तिला?" अप्पांनी विचारलं.

"पहिल्या वर्गाची मुलंही इथे नापास होतात. कुणाला जमेल ते मी सांगू शकत नाही. तीन वर्षं माझ्या हाताखाली उमेदवारी, म्हणजे आर्टिकल्स, करावे लागतील. दिवसभर काम, उरल्या वेळात अभ्यास. तिला विचारा."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. खरं म्हणजे कशाला हो म्हणते आहे हे मला नीट ठाऊक नव्हतं. बँकेच्या परीक्षेत इंग्रजी निबंध असतो असं ऐकलं होतं आणि मला त्याची धास्ती होती.

करारावर सह्या झाल्या, कागद सीएच्या इन्स्टिट्यूटकडे गेले आणि मी आर्टिकल क्लार्क झाले. पहिले काही महिने मी फक्त पावत्या आणि वहीतल्या नोंदी एकमेकींशी ताडून हिरव्या पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या. मग साठा मोजायला पाठवू लागले. मार्चच्या अखेरच्या दिवशी देवनहळ्ळीजवळच्या एका पशुखाद्याच्या गोदामात मी पोत्यांच्या थप्प्यांवर चढून मोजणी केली आणि केसांत भुसा घेऊन बसने घरी आले. एप्रिलमध्ये बँकेच्या शाखांचं ऑडिट असे. आम्ही तालुक्याच्या गावी मुक्काम करायचो आणि कर्जखात्यांचे कागद तपासायचो. मला ते काम आवडलं. एखाद्या धंद्याचे कागद दोन दिवस चाळले की तो धंदा कसा चालतो, मालक सावध आहे की उधळ्या, कारकून आळशी आहे की घाबरट, हे सगळं दिसायला लागायचं. अभ्यास मात्र मागे पडत होता.

त्याच सुमारास वहिनी घरात येऊन तीन-चार वर्षं झाली होती. ती पुण्याची. आमची मराठी ऐकून सुरुवातीला तिला हसू यायचं. "स्वल्प थांबा" असं आई म्हणाली की ती वळून बघायची. पुढे तीच भाजीवाल्याला "स्वल्प कमी करा" म्हणू लागली. तीही बी.कॉम., माझ्यासारखीच मधल्या गुणांची. तिला पुढे कायद्याचं शिकायचं होतं, पण स्थळ आलं आणि लग्न झालं. माझी भाची तेव्हा नुकती चालायला लागली होती. मी वहिनीला "तुम्ही" म्हणत असे. आमच्या घरची ती पद्धत होती.

मी इंटरची पुस्तकं घरी आणली ती वहिनी चाळू लागली. अकाउंट्सचं पुस्तक तिने दोन पानं बघून ठेवून दिलं. कंपनी कायद्याचं मात्र ती मुलीला भरवता भरवता वाचायची.

"ह्यात नुसती भांडणं आहेत गं," एकदा ती म्हणाली. "एक भागीदार म्हणतो कंपनी माझी, कोर्ट म्हणतं कंपनी वेगळी, तू वेगळा. आमच्या वाड्यातल्या पाण्याच्या भांडणापेक्षा मजेदार आहे."

मला तो विषय कधी मजेदार वाटला नव्हता. पण आमच्या कचेरीतला एक वरिष्ठ आर्टिकल सीएबरोबर कंपनी सेक्रेटरीचाही अभ्यास करत होता. त्याला मी वहिनीचं सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यांनी सीएस करावं. पदवीधराला सरळ इंटरमीजिएटला बसता येतं. आर्टिकल्स नाहीत. पुस्तकं टपालाने येतात, उत्तरं लिहून टपालानेच पाठवायची. तेवढी पाठवली की परीक्षेला बसू देतात. ट्रेनिंग नंतर, आणि ते वर्ष-सव्वा वर्षाचं." त्याने मला माहितीपत्रक दिलं आणि मी ते वहिनीला दिलं.

तिने ते आठवडाभर कुणाला दाखवलं नाही. मग एका रविवारी, सगळे जेवायला बसलेले असताना, तिने विषय काढला. सीए तिला शक्य नव्हतं. रोज दहा ते सहा कचेरीत बसायचं तर मुलीकडे कोण बघणार. हे घरी बसून करता येण्यासारखं होतं.

अप्पांनी घास हातात धरून विचारलं, "सेक्रेटरी म्हणजे साहेबाची पत्रं टाइप करणारी ना?"

"नाही अप्पा. कंपनीच्या सभा कायद्याप्रमाणे बोलवायच्या, त्यांचा वृत्तांत लिहायचा, भागधारकांची नोंद ठेवायची, सरकारकडे वेळेवर कागद भरायचे. अमुक एका भांडवलाच्या वरच्या कंपनीला पूर्णवेळ सेक्रेटरी ठेवावाच लागतो, कायदाच आहे तसा."

"आणि सही? ऑडिटरसारखी सही असते का त्याची?"

"असते. ताळेबंदावरसुद्धा डायरेक्टरांच्या सहीबरोबर सेक्रेटरीची असते."

अप्पा जेवू लागले. अण्णा काही बोलला नाही. त्याला नको होतं असं मला वाटत नाही. घरात या गोष्टीचा निकाल आपण लावायचा असतो हेच त्याला माहीत नव्हतं. निकाल आईने लावला.

"मुलीचं सकाळचं मी बघते, संध्याकाळचं सून बघेल," आई म्हणाली. "रविवारी दोघी अभ्यासाला बसतील. तुम्ही दोघं बाहेर जाऊन इडली खा, येताना आमच्यासाठी घेऊन या."

तिचे गुडघे दुखायचे. तरी तिने हे का मान्य केलं ते मी कधी विचारलं नाही. आई स्वतः शाळेत फार थोडी शिकली होती, आणि वहिनी अभ्यासाला बसली की ती नातीला घेऊन गच्चीवर जायची, दार लोटून घ्यायची.

अशा रीतीने आमच्या घरात दोन परीक्षा सुरू झाल्या. माझी मे आणि नोव्हेंबरमध्ये, तिची जून आणि डिसेंबरमध्ये. एकीचा पेपर संपला की दुसरीची धावपळ सुरू. आम्ही माजघरात पाटावर समोरासमोर बसायचो. तिथेच कधीतरी माझ्या तोंडून "तुम्ही" जाऊन "तू" आलं. आईने ते ऐकलं आणि चालवून घेतलं.

पहिल्या खेपेला मी इंटरच्या दोन्ही ग्रुपांत, म्हणजे पेपरांच्या दोन्ही गटांत, नापास झाले. ते अपेक्षित होतं. कचेरीत सगळ्यांनी खांद्यावर थापटलं आणि चहा पाजला. दुसऱ्या खेपेला दुसरा ग्रुप निघाला. त्यात कॉस्टिंग आणि आयकर, म्हणजे बहुतेक आकड्यांचं काम. पहिल्या ग्रुपात अकाउंट्स, ऑडिट आणि कायदा. तिथे मी अडले. सीएच्या परीक्षेत प्रत्येक पेपरात चाळीस आणि ग्रुपची सरासरी पन्नास पाहिजे. तिसऱ्या खेपेला मला प्रत्येक पेपरात चाळीसच्या वर होते आणि सरासरीत मी कमी पडले. तिन्ही पेपरांत पास आणि ग्रुपात नापास. अप्पांना हे समजावून सांगताना माझी दमछाक झाली.

"तिन्हीत पास झालीस ना?"

"हो."

"मग नापास कशात?"

वहिनीही पहिल्यांदा एका ग्रुपात गेली. पुढच्या वेळी तिचा तोही निघाला. त्या दिवशी अण्णाने मैसूरपाक आणला. मी तो सगळ्या शेजाऱ्यांकडे नेऊन दिला. दारोदारी लोक विचारायचे, "तुझा निकाल का?" आणि मी म्हणायचे, "वहिनीचा." मला तिचा आनंद होता, हे खरं आहे. आणि घरी परत आल्यावर मला मैसूरपाक घशाखाली उतरला नाही, हेही खरं आहे. वहिनीला ते दिसलं असणार. तिने माझ्यासमोर मार्कांची गोष्ट पुन्हा काढली नाही.

माझे आर्टिकल्स संपायला आले. माझ्यामागून आलेला एक मुलगा इंटर होऊन फायनलच्या तयारीला लागला होता. घरी स्थळं यायला लागली होती. एका घरचे लोक आले, त्यांनी ऐकलं होतं की मुलगी सीए आहे. अप्पा म्हणाले, "होतेय." पाहुण्यांनी विचारलं, "म्हणजे कधी?" त्यावर अप्पा माझ्याकडे पाहू लागले, आणि मी चहाचे कप उचलून आत गेले.

एका संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर सरांनी मला बसायला सांगितलं.

"तू कामात कच्ची नाहीस," ते म्हणाले. "बँकेच्या शाखेला मी तुला एकटीला पाठवतो. इतर सगळ्यांना नाही पाठवत. पण पेपर तपासणारा तुला शाखेत काम करताना बघत नाही. त्याच्यासमोर फक्त तुझी उत्तरपत्रिका असते."

"मग मी काय करू, सर?"

"आर्टिकल्स पूर्ण होत आले, ते कुणी काढून घेत नाही. पुढे परीक्षा देत राहायची की नाही ते तू ठरव. तुझी वहिनी सीएस करते म्हणतेस, तेही बघ. वाईट नाही. फक्त इथून पळ काढायचा म्हणून तिकडे जाऊ नकोस."

मी त्यातलं सोयीचं तेवढंच ऐकलं. घरी येऊन वहिनीला म्हटलं, "मी सीए सोडते. तुझ्याबरोबर सीएसला नाव घालते."

ती पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, "तुला कंपनीच्या सभांचे वृत्तांत लिहायला आवडेल?"

"माहीत नाही."

"गोदामात पोती मोजायला आवडतं?"

"हो."

"मग कशाला?" तिने तव्यावरची पोळी उलटली. "जेवण झालं की मला एक उत्तर लिहून दाखव. ऑडिटचं. मागच्या पेपरातला कुठलाही प्रश्न घे."

मी लिहून दाखवलं. मालकाने सांगितलं म्हणून ऑडिटरने साठा न तपासता आकडा मान्य केला, तर त्याची जबाबदारी काय, असा काहीसा प्रश्न होता. माझं उत्तर चार ओळींचं होतं. वहिनीने ते दोनदा वाचलं.

"हे बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"पण तू कशावरून म्हणतेस ते कुठे आहे? साठा न तपासणं चूक का, ऑडिटरला काय करता आलं असतं, मालकाच्या दाखल्यावर किती विसंबायचं? तुला सगळं येतं म्हणून तू ते लिहीतच नाहीस. तपासणाऱ्याला वाटतं हिला येत नाही."

तिने आपल्या टपालाने परत आलेल्या उत्तरांचा गठ्ठा काढला. पहिल्या-पहिल्या उत्तरांवर तांबड्या शाईचे शेरे होते: तरतूद सांगा, कारण द्या, निष्कर्ष कुठे आहे. महिनोन्‌महिने तिने अशी उत्तरं लिहून पाठवली होती आणि शेरे वाचून सुधारली होती. मी मात्र तीन वर्षं हिरवी पेन्सिल चालवली होती आणि पेन फक्त परीक्षेच्या दिवशी हातात धरला होता.

तेव्हापासून रोज एक उत्तर. आधी कायदा काय म्हणतो, मग प्रश्नातली गोष्ट त्याला कशी लागू होते, मग शेवटी आपलं मत. ती पोळ्या करत असायची, मी उंबऱ्यावर बसून वाचून दाखवायचे. मध्येच ती म्हणायची, "थांब, इथे उडी मारलीस." आईला आमच्या बोलण्यातलं अक्षर कळत नसे, पण एकदा मीच अडखळले तेव्हा तिने आतून विचारलं, "उडी मारली का?"

आर्टिकल्स संपले तरी मी सरांच्याच कचेरीत काम करत राहिले, आणि पुढच्या नोव्हेंबरात पहिला ग्रुप दिला. निकाल जानेवारीत लागला. इन्स्टिट्यूटच्या शाखेत भिंतीवर नंबर लावलेले होते आणि त्यांच्यासमोर खूप गर्दी होती. माझा नंबर एका उंच मुलाने पाहून सांगितला. मी त्याला पुन्हा बघायला लावलं. मग रस्त्यापलीकडच्या दुकानातून सरांना फोन केला. ते कन्नडमध्ये म्हणाले, "सरी, ठीक आहे, उद्या वेळेवर ये, ऑडिट आहे." फोन ठेवताना ते हसत होते असं मला वाटलं.

वहिनी तोवर फायनल झाली होती. तिच्या ट्रेनिंगची वेळ आली तेव्हा बऱ्याच ठिकाणी नकार मिळाले. लहान मूल आहे, उशिरापर्यंत थांबता येईल का, असं सगळे विचारत. एका मुलाखतीत तिला टायपिंगचा वेग विचारला. तिने घरी येऊन अप्पांना ते सांगितलं, तेव्हा अप्पा पहिल्यांदा तिच्या बाजूने चिडले. "त्यांना कायदा माहीत नाही का?" ते म्हणाले.

शेवटी व्हाइटफील्डच्या वाटेवर पाण्याचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला घेतलं. तिथले सेक्रेटरी निवृत्तीला आले होते. तिचं ट्रेनिंग झालं, सदस्यत्व मिळालं, आणि जुने सेक्रेटरी निवृत्त झाल्यावर संचालक मंडळाने तिचीच नेमणूक केली. कंपनीची बस तिला सकाळी टाऊन हॉलजवळून घ्यायची.

ते दिवस शेअरांचे होते. चिकपेटेत दुकानदुकानांतून लोक अर्ज भरत. अप्पांनीही भरले होते, वहिनी त्या कंपनीत जाण्याच्या खूप आधी, आणि नेमके तिच्याच कंपनीचे शेअर त्यांना मिळाले होते. त्यांच्या आणि माझ्या जोडनावावर होते. पुढे त्यातले थोडे विकायला काढले, तर काही आठवड्यांनी ते दलालाकडून परत आले. सोबत कंपनीचा कागद: विकणाऱ्याची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही, बँकेच्या मॅनेजरकडून साक्षांकित करून आणावी. खाली सेक्रेटरीची सही होती.

अप्पा तो कागद घेऊन जेवायला बसले.

"रोज माझ्या ताटात वाढतेस," ते वहिनीला म्हणाले, "आणि माझी सही ओळखत नाहीस?"

"घरात ओळखते ना, अप्पा. तिथे अर्जावर तुम्ही जी केलीत तीच बघायची असते. अर्जावर तुम्ही कन्नडमध्ये केलीत, विकताना इंग्रजीत."

"तुला माहीत होतं मीच आहे."

"म्हणून तर जास्त नीट बघितली. उद्या कुणी म्हणालं, सासऱ्यांचं होतं म्हणून सोडलं, तर मी काय सांगू?"

अप्पा थोडा वेळ वरणभात कालवत राहिले. मग आईला म्हणाले, "बघ, आपल्या घरात सही आली." दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले.

त्या वर्षी ते वार्षिक सभेलाही गेले, आणि जोडनाव असल्यामुळे मलाही घेऊन गेले. त्यांनी तोवर अशा सभा पाहिल्या होत्या त्या नाश्त्याच्या डब्यांसाठी. हॉल भरलेला होता. व्यासपीठावर संचालक, आणि अध्यक्षांच्या शेजारी वहिनी, निळ्या काठाची साडी नेसून. तिने सभेची नोटीस वाचली, ऑडिटरांचा अहवाल वाचला. अप्पा ताठ बसले होते. शेजारच्या माणसाला त्यांनी काहीच सांगितलं नाही, याचं मला नवल वाटलं.

सभा सुरू होण्याआधी दारात एका वयस्क बाईंना अडवलेलं आम्ही पाहिलं होतं. शेअर त्यांच्या नवऱ्याच्या नावावर होते, आणि नवरा वारला होता. दारावरचा माणूस म्हणत होता, नोंदीत तुमचं नाव नाही, आत येता येणार नाही. वहिनी खाली आली. नियमाप्रमाणे त्या सभासद नव्हत्या, मत देता आलं नसतं. पण तिने अध्यक्षांना विचारून त्यांना पाहुणी म्हणून मागच्या रांगेत बसवलं. सभा संपल्यावर संचालक चहाला गेले तेव्हा ती त्या बाईंच्या शेजारी येऊन बसली. शेअर त्यांच्या नावावर कसे होतील, मृत्यूचा दाखला लागेल, रक्कम लहान असली तर कोर्टाच्या वारसा प्रमाणपत्राऐवजी हमीपत्रावर मंडळ विचार करू शकतं, हे सगळं तिने कन्नडमध्ये सावकाश सांगितलं. बाईंनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं.

बसमध्ये अप्पा म्हणाले, "ती टाइप करत नाही, बरोबर आहे."

माझी फायनल राहिली होती. एव्हाना माझं लग्न झालं होतं, पण गावातल्या गावात, मल्लेश्वरमला. नवऱ्याची हरकत नव्हती. मी फायनलला बसले, पुन्हा बसले, पुन्हा बसले. वहिनी रविवारी यायची, उत्तरं बघायची. लिहायला मला आता येत होतं. पण फायनलचा पसारा वेगळाच होता. एकही ग्रुप निघाला नाही. शेवटच्या निकालानंतर मी गुणपत्रिका बराच वेळ बघत बसले आणि माझ्या लक्षात आलं की मला रडू येत नाहीये. मला झोप येत होती. मी झोपले, आणि उठल्यावर सरांकडे गेले.

"सर, मी आता थांबते."

मग त्यांनी त्या दिवशीचं इंग्रजी वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवलं आणि नोकऱ्यांच्या पानावर बोट ठेवलं. तयार कपडे निर्यात करणारी एक कंपनी अकाउंट्स ऑफिसर शोधत होती. पात्रता: सीए इंटर, आर्टिकल्स पूर्ण.

"हे तुझ्यासाठीच लिहिलंय," ते म्हणाले. "अर्धवट शिकलेल्यांसाठी नाही लिहिलेलं. त्यांना असंच माणूस हवंय. अर्ज कर."

"अप्पांना काय सांगू?"

"मी सांगू का?"

मी नको म्हटलं. अप्पांना मीच सांगितलं, दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना. ते गल्ल्यामागे बसले होते. त्यांनी बटणांचा एक खोका उघडला, बंद केला.

"किती वर्षं केलंस," ते म्हणाले.

"हो."

"दमलीस का?"

मी मान हलवली. त्यांनी समोरच्या हॉटेलातून दोन कॉफी मागवल्या, आणि आम्ही त्या प्यायलो. मी निघाले तेव्हा ते पायरीपर्यंत आले.

नोकरी मला मिळाली. मुलाखत घेणाऱ्याने इंटर किती खेपांत झालीस ते विचारलंच नाही. गोदामात कापडाचे तागे कसे मोजशील, ते विचारलं, आणि त्यावर मी त्याला बराच वेळ सांगत राहिले. पुढची कितीतरी वर्षं मी तिथेच होते, आणि शेवटची काही वर्षं अकाउंट्स खातं माझ्याच हाताखाली होतं. अप्पा मात्र कुणी विचारलं की सांगायचे, "सून कंपनी सेक्रेटरी, मुलगी सीए." मी जवळ असले तर म्हणायचे, "सीए इंटर, अप्पा." ते म्हणायचे, "तेच ते." मी पुन्हा म्हणायचे, "तेच नाही." पुढे पुढे ते स्वतःच थांबून म्हणू लागले, "सीए इंटर. तीन वर्षं ऑडिट केलंय तिने."

वर्षाअखेरीला आमच्या कंपनीत ऑडिटला मुलं यायची. हिरव्या पेन्सिली, पावत्यांचे ढीग, मधल्या सुट्टीत टेबलावर उघडं ठेवलेलं कायद्याचं पुस्तक. एका वर्षी त्यांत एक मुलगी होती. तिने बिचकत विचारलं, "मॅडम, माझे बी.कॉम.ला मार्क कमी होते. तुम्हाला काय वाटतं, होईल का माझं?"

होईल असं मी म्हणाले नाही, होणार नाही असंही म्हणाले नाही. मी तिला विचारलं, "तू उत्तरं लिहून बघतेस का, की नुसतं वाचतेस?"

"नुसतं वाचते," ती म्हणाली.

मी एक खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.